बाळ घरी आलं, आता औषधाची बाटली तुमच्या हाती

गेल्या आठवड्यात एका तालुक्याच्या गावाहून आपल्या एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलं. पत्राच्या शेवटी तिनं विचारलं आहे, "ताई, माझं नेमकं कुठे चुकलं? मी तर कार्डावर लिहिलं होतं तस्संच केलं." पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण खरोखरच ती कार्डावर लिहिल्याप्रमाणे वागली होती. तरी बाळाला औषध निम्मंच गेलं. हे कसं झालं ते आज सविस्तर सांगते, म्हणजे तुमच्यापैकी कुणाला तान्ह्या बाळाला इस्पितळातून घरी आणण्याची वेळ आलीच, तर ही गोष्ट आठवेल.

तिचं बाळ आठ महिन्यांचं, वजन साडेसात किलो. सर्दी-खोकल्याचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत धाप लागून पोट उडायला लागलं. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला आणि जिल्ह्याच्या गावी दाखल करून घेतलं. तीन दिवस इंजेक्शनं झाली. ताप उतरला, बाळ दूध ओढायला लागलं. चौथ्या दिवशी, सोमवारी, डॉक्टर म्हणाले, "आता इंजेक्शनची गरज नाही. तोंडानं औषध देऊन घरीच पुढचे पाच दिवस पूर्ण करा." कार्डावर लिहिलं होतं: अ‍ॅमॉक्सिसिलिन, 6 मिलि, सकाळी आणि रात्री, 5 दिवस.

आता इथे एक क्षण थांबा. या ओळीत तीन गोष्टी सांगितल्या आहेत: किती, कधी आणि किती दिवस. चौथी गोष्ट मात्र नाही, आणि सगळी गडबड तिथेच झाली. ती चौथी गोष्ट म्हणजे औषधाचा जोर. लहान मुलांचं हे औषध बाजारात निरनिराळ्या जोराचं मिळतं. एका बाटलीवर लिहिलेलं असतं, 5 मिलिमध्ये 125 मिलिग्रॅम. दुसरीवर असतं, 5 मिलिमध्ये 250 मिलिग्रॅम. खोकी सारखीच, रंग सारखा, वाससुद्धा सारखा.

मिलिलिटर आणि मिलिग्रॅम हे दोन शब्द कानाला जुळे भाऊ वाटतात. पण सरबत डोळ्यांसमोर आणा. एका पेल्यात एक चमचा साखर घातली, दुसऱ्यात दोन. दोन्ही पेले काठोकाठ भरलेले आहेत, पण दोन्हींत साखर सारखी आहे का? पेल्यातलं पाणी म्हणजे मिलिलिटर आणि साखर म्हणजे मिलिग्रॅम. जंतूंशी लढते ती साखर, पाणी नव्हे.

डॉक्टरांनी हिशेब केला होता तो मिलिग्रॅमचा. या आजारात त्यांनी बाळाच्या दर किलो वजनामागे एका वेळेला 40 मिलिग्रॅम धरले. साडेसात किलोला झाले 300 मिलिग्रॅम. 250 च्या बाटलीत दर मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम औषध असतं, म्हणून 300 मिलिग्रॅमला 6 मिलि. हिशेब अगदी बरोबर. पण तेच 6 मिलि 125 च्या बाटलीतून दिले, तर पोटात जातात फक्त 150 मिलिग्रॅम. म्हणजे नेमके निम्मे. हे आकडे या बाळाचे आहेत बरं का. तुमच्या बाळाचं वजन वेगळं, आजार वेगळा, कदाचित औषधही वेगळं. आकडे उतरवून घेऊ नका, फक्त रीत ध्यानात घ्या.

आता पुढची हकीकत. 6 मिलि दोनदा म्हणजे दिवसाला 12 मिलि. पाच दिवसांना 60 मिलि. बाटली 30 मिलिची, म्हणून दोन बाटल्या हव्यात. इस्पितळाजवळच्या दुकानात एकच शिल्लक होती. दुकानदार म्हणाला, "दुसरी तुमच्या गावी घ्या, कुठेही मिळेल." पहिली बाटली 250 ची होती. सोमवारी रात्रीपासून बुधवारी रात्रीपर्यंत पाच वेळा पुरली. बाळ खेळायला लागलं. गावातून आणलेली दुसरी बाटली गुरुवारी सकाळी उघडली. नाव तेच, म्हणून कुणी आकडा पाहिला नाही. ती होती 125 ची.

गुरुवारची सकाळ, गुरुवारची रात्र, शुक्रवारची सकाळ, असे तीन वेळा निम्मं औषध गेलं. शुक्रवारी संध्याकाळी बाळाला पुन्हा कणकण आली. आईला वाटलं, दात येत असतील. सासूबाईंना वाटलं, दृष्ट लागली असेल. जाऊबाई मात्र जरा चौकस. त्यांनी पहिली रिकामी बाटली कचऱ्यातून शोधून आणली आणि दुसरीच्या शेजारी ठेवली. "अगं, यावर 250 आहे नि यावर 125!" मग बाळाचे श्वास मोजले, तर मिनिटाला 54. त्यांनी तसाच इस्पितळात फोन लावला आणि त्याच रात्री बाळाला घेऊन गेले. एक रात्र देखरेखीखाली ठेवलं, योग्य जोराचं औषध सुरू झालं, आणि बाळ आता छान आहे.

तिच्या प्रश्नाचं उत्तर देताना मला एक मात्र सांगायला हवं. ताप पुन्हा आला तो निम्म्या औषधामुळेच, असं ठामपणे कुणी म्हणू शकणार नाही. तिच्या डॉक्टरांनीही तसं म्हटलं नाही. पूर्ण औषध घेणाऱ्या बाळालाही कधी कधी ताप उलटतो. पण औषध पुरतं गेलेलं असलं, तर डॉक्टरांना पुढचं पाऊल नीट ठरवता येतं. ते निम्मं गेलं की पुरतं हेच ठाऊक नसलं, तर सगळेच अंधारात.

म्हणून पहिला नियम. इस्पितळ सोडण्यापूर्वी कार्डावर मिलिलिटरच्या शेजारी बाटलीचा जोर लिहून घ्या. "बाई, या 6 मिलिपुढे कुठली बाटली ते लिहा ना," असं सिस्टरला म्हणायला अजिबात संकोच करू नका. आणि दुसरी बाटली घेताना कार्ड आणि पहिली बाटली दोन्ही दुकानात न्या. आकडा जुळला नाही, तर बाटली परत करा. "दुप्पट द्या, काही होत नाही," असं कुणी म्हटलं तरी आपल्या मनानं माप वाढवू नका. डॉक्टरांना विचारा. कारण उलटाही प्रकार होतो. 125 साठी लिहिलेलं माप 250 च्या बाटलीतून दिलं, तर दुप्पट औषध जातं.

आता औषध तयार करण्याविषयी. ही बाटली कोरड्या पुडीची येते, पाणी घरी घालायचं असतं. शक्य असेल तर पहिली बाटली सिस्टरकडून तुमच्यासमोर तयार करून घ्या, म्हणजे पाहता येतं. घरी करताना आधी बाटली तळहातावर टकटक आपटून पुडी सुटी करा. खोक्यात पाण्याची छोटी कुपी दिली असेल, तर तीच वापरा. नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी घ्या. गरम पाणी नको, त्यानं औषध बिघडतं. बाटलीवर किंवा लेबलावर एक रेघ किंवा बाण असतो. रेघेच्या निम्म्यापर्यंत पाणी घाला, झाकण लावून चांगलं हलवा, आणि फेस खाली बसेपर्यंत थांबा. मग उरलेलं पाणी बरोबर रेघेपर्यंत घाला आणि पुन्हा हलवा. घाई केली तर फेसच रेघेला टेकतो आणि पाणी भरलं असं वाटतं. पाणी कमी पडलं की औषध जास्त जोराचं होतं आणि बाटली लवकर संपते.

तयार केलेलं औषध फार दिवस टिकत नाही. बहुतेक बाटल्यांवर सात दिवस लिहिलेलं असतं. तुमच्या बाटलीवर जे असेल ते खरं. म्हणून दुसरी बाटली आधीच कालवून ठेवू नका. पहिली संपली की मगच तिच्यात पाणी घाला. बाटलीवर पट्टी चिकटवून तारीख लिहा. फ्रिजमध्ये ठेवायचं की नको, हेही लेबलावर असतं. काही औषधं फ्रिजमध्येच ठेवावी लागतात, काहींना सावलीतली गार जागा पुरते. दुकानातून निघतानाच हे विचारून घ्या. बर्फाच्या कप्प्यात मात्र कुठलंच ठेवू नका. घरात फ्रिज नसेल तर दुकानदाराला तसं सांगा. चुलीजवळ, खिडकीच्या उन्हात किंवा फळीवर पत्र्याखाली बाटली नको.

आता माप. घरातला चमचा हे माप नव्हे. तुमच्या डब्यातले चार चमचे काढून पाहा. एकात 3 मिलि मावेल, तर दुसऱ्यात 7. बाटलीबरोबर येणाऱ्या टोपणावर बहुधा अडीच, पाच, साडेसात, दहा अशा खुणा असतात. 6 ची खूणच नसते. मग अंदाज सुरू होतो. त्यापेक्षा दुकानातून 10 मिलिची सिरिंज घ्या आणि सुई दुकानातच ठेवायला सांगा. दर वेळी आधी बाटली जोरात हलवा. हे विसरलात, तर औषध तळाशी बसतं. सुरुवातीला पातळ जातं आणि शेवटी एकदम दाट. मग स्वच्छ, कोरडी सिरिंज बाटलीत बुडवून दट्ट्या हळू ओढा. दट्ट्याचा वरचा काठ 6 च्या रेघेवर हवा. आत हवेचा बुडबुडा दिसला, तर टोक वर धरून टिचकी मारा, बुडबुडा काढा आणि पुन्हा रेघेपर्यंत भरा. औषध देऊन झालं की सिरिंज दांडा काढून धुवा आणि झाकून वाळत ठेवा.

बाळाला औषध पाजायची आपल्याकडची जुनी तऱ्हा तुम्ही पाहिली असेल. पाय लांब करून त्यावर बाळाला उताणं निजवायचं, नाक दाबायचं आणि बोंडल्यातून एकदम ओतायचं. कृपा करून असं करू नका. रडणारं बाळ जोरानं श्वास आत ओढतं आणि औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. छातीच्या दुखण्यातून नुकत्याच उठलेल्या बाळाला तर हे फारच वाईट. बाळाला मांडीवर अर्धवट बसवा. डोकं तुमच्या कोपरात. सिरिंजचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून गालाच्या आतल्या बाजूला लावा आणि थोडं थोडं सोडा. बाळानं गिळलं की पुढचं. सहा मिलिला दोन-तीन मिनिटं लागली तर लागू द्या.

हे औषध पोट रिकामं असलं काय नि भरलेलं असलं काय, चालतं. पण दुधाच्या आधी दिलं तर उलटी कमी होते, आणि भुकेलं बाळ तोंडही पटकन उघडतं. औषध दुधाच्या बाटलीत मात्र घालू नका. बाळानं अर्धी बाटली टाकली, तर औषध किती गेलं हे कसं कळणार? आणि मधातून चाटवणं तर नकोच. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कशातूनही देऊ नये. त्यातून क्वचित एक भयंकर विष बाळाच्या आतड्यात तयार होतं. आजीबाईंना हे जरा गोडीनं समजावून सांगावं लागतं, हे मला ठाऊक आहे.

आता वेळा. निघताना सिस्टरला विचारा, "शेवटचं इंजेक्शन किती वाजता दिलं, आणि घरचं पहिलं औषध किती वाजता?" या बाळाचं इंजेक्शन सोमवारी दुपारी झालं होतं. पहिलं औषध रात्री आठला सांगितलं. सकाळी आठ आणि रात्री आठ, मध्ये बारा तास. पाच दिवस दोनदा म्हणजे दहा वेळा. सोमवारी रात्री पहिला, शनिवारी सकाळी दहावा. हे दहा चौकोन एका कागदावर काढा. प्रत्येकावर वार आणि वेळ लिहा, आणि तो कागद बाटलीजवळ भिंतीला लावा. औषध दिलं की देणाऱ्यानंच लगेच खूण करायची. एकत्र कुटुंबात याची फार गरज असते. तुम्ही स्वैपाकघरात, आणि सासूबाई प्रेमानं म्हणतात, "मी पाजलं गं." मघाशी तुम्हीही पाजलेलं असतं!

एखादी वेळ चुकलीच तर? दिवसातून दोनदा द्यायच्या औषधाला साधारण चार तासांची सवलत धरावी. सकाळी आठचं दुपारी बारापर्यंत आठवलं, तर लगेच द्या आणि रात्रीचं नेहमीप्रमाणे आठला. बारानंतर आठवलं, तर ते सोडून द्या आणि रात्रीचं वेळेवर द्या. राहिलेलं भरून काढायला दोन माप एकदम कधीही देऊ नका. चुकलेल्या चौकोनात फुली मारा आणि डॉक्टरांना कळवा. ते शेवटी एक जादा द्यायचं की नाही ते सांगतील.

उलटी झाली तर घड्याळ पाहा. औषध दिल्यापासून अर्ध्या तासाच्या आत झाली, तर बाळ शांत झाल्यावर पुन्हा पूर्ण माप द्या. अर्ध्या तासानंतर झाली, तर पुन्हा देऊ नका. औषध बहुतेक आत गेलेलं असतं. दुसऱ्यांदा दिलेलंही पडलं, तर तिसऱ्यांदा प्रयत्न करत बसू नका. डॉक्टरांना फोन करा. औषध पोटात राहतच नसेल, तर पुन्हा इंजेक्शनचा विचार करावा लागतो. पण हो, जादा माप असं पुन्हा दिलं, तर बाटली थोडी आधी संपेल. तेही कागदावर लिहा.

बाटलीच तुम्हाला सांगते की माप बरोबर जातंय की नाही. 30 मिलिच्या बाटलीतून 6 मिलि पाच वेळा निघालं पाहिजे. थेंबभर इकडे-तिकडे चालेल. पण तिसऱ्याच वेळी बाटली रिकामी झाली किंवा पाचव्यानंतर निम्मी उरली, तर समजा काहीतरी चुकतंय: माप, पाणी किंवा चौकोन. लगेच पाहा. हा हिशेब तुम्हीच करू शकता, त्याला डॉक्टर लागत नाही.

आता बाळाकडे. औषधानं शी थोडी पातळ होते. दिवसातून चार-पाच वेळा झाली, पण बाळ दूध पीत आहे आणि लघवी नेहमीसारखी करत आहे, तर औषध बंद करू नका. अंगावरचं दूध जास्त वेळा द्या. प्रत्येक पातळ शीनंतर ओआरएसचं पाणी चमच्या-चमच्यानं, सुमारे 50 ते 100 मिलि द्या. ते पाकिटावर सांगितलं असेल तेवढ्याच, म्हणजे मोठ्या पाकिटाला एक लिटर, पाण्यात कालवा. शीत रक्त दिसलं, लघवी कमी झाली किंवा बाळ मलूल झालं, तर मात्र वाट पाहू नका. कधी जिभेवर आणि गालात पांढरे चट्टे येतात, जे पुसले तरी दुधासारखे निघत नाहीत. त्यासाठी डॉक्टर वेगळे थेंब देतात, घाबरायचं कारण नाही.

अंगावर पुरळ उठलं, तर पुढचं औषध देण्याआधी डॉक्टरांना दाखवा. पण गांधी उठल्या, ओठ किंवा चेहरा सुजला, घशातून आवाज येऊ लागला किंवा श्वास अडला, तर औषध बंद आणि तडक इस्पितळ. तिथे उशीर चालत नाही.

श्वास कसे मोजावेत, हे जाऊबाईंना आलं म्हणून बाळ वेळेवर पोहोचलं. बाळ झोपलेलं किंवा शांत असताना झबलं वर करा. घड्याळावर पूर्ण एक मिनिट धरून पोट किती वेळा वर येतं ते मोजा. पाव मिनिट मोजून चौपट करू नका, बाळाचा श्वास मध्येच थांबतो आणि पुन्हा धावतो. दोन महिने पूर्ण झालेल्या बाळापासून एक वर्षापर्यंत मिनिटाला 50 किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, सगळंच उलटून पडत असेल, झटके आले, फार गुंगी आली, ओठ निळसर दिसले, तर त्याच क्षणी निघा. घरी आल्यावर ताप पुन्हा चढला, तर "दात येतायत" म्हणून सोडू नका, त्याच दिवशी दाखवा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा तर कुठलाच ताप घरी पाहू नये.

आणि मधल्या काळात खोकला उरलाच, तर घाबरून खोकल्याचं दुसरं औषध आणू नका. न्यूमोनियानंतर खोकला काही दिवस राहतो. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला दुकानातून घेतलेलं सर्दी-खोकल्याचं औषध देऊ नये. शेजारणीच्या घरी उरलेलं तर अजिबात नको.

शेवटचं. बुधवारी बाळ खेळायला लागलं, की मन म्हणतं, पुरे झालं. पण डॉक्टरांनी सांगितलेले दहाच्या दहा चौकोन भरा, आपल्या मनानं मध्येच थांबवू नका. आणि शनिवारी तळाशी थोडंसं उरलं, तर पुढच्या सर्दीसाठी जपून ठेवू नका. पाण्यात कालवलेलं ते औषध आठवड्यानंतर उपयोगाचं राहत नाही, आणि पुढच्या वेळचा आजारही हाच असेल असं नाही.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला एवढंच सांगते, तू चुकली नाहीस. कार्डावर एक आकडा कमी होता, आणि तो विचारायचा असतो हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. जाऊबाईंना माझा नमस्कार सांग. आणि वाचक मैत्रिणींनो, खालचा मजकूर कापून औषधाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

बाळाचं नाव, आजचं वजन.
औषधाचं नाव, 5 मिलिमध्ये किती मिलिग्रॅम.
एका वेळेला किती मिलि, किती वाजता.
एकूण किती वेळा, शेवटचा वार आणि वेळ.
एकूण किती मिलि लागेल, किती बाटल्या.
बाटली कधी कालवली, कधी टाकायची.
फ्रिजमध्ये की बाहेर.
पुन्हा दाखवायची तारीख, आणि रात्री फोन करायचा नंबर.

या आठ ओळी भरल्याशिवाय इस्पितळाची पायरी उतरू नका. सिस्टर कामात असतील, रिक्षा बाहेर उभी असेल, सगळ्यांना घरी जायची घाई असेल. पाच मिनिटं थांबलं तर चालतं.